मजकूर पोहोचला, चित्र गळाले: नेटवर्क फिल्टरने अडवलेला अपलोड कसा ओळखावा

नव्या कार्यालयात किंवा शाळेत रुजू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत हा प्रकार बहुतेकांच्या वाट्याला येतो. एखादा ऑनलाइन अर्ज भरून त्याला दोन छायाचित्रे जोडली जातात, ‘पाठवा’ हे बटण दाबल्यावर ‘आपली नोंद झाली आहे’ असा संदेशही येतो, आणि मग पलीकडून विचारणा होते की छायाचित्रे कुठे आहेत. पडद्यावर कोणतीही चूक दिसलेली नसते, त्यामुळे माणूस पुन्हा तोच अर्ज भरतो आणि पुन्हा तेच घडते. संस्थेचा फिल्टर, म्हणजे नेटवर्कवरून काय जाऊ द्यायचे आणि काय अडवायचे हे ठरवणारी यंत्रणा, अशा वेळी नेमके काय करतो, चित्र कोणत्या टप्प्यावर अडले हे कसे ओळखायचे आणि आयटी विभागाला कोणती माहिती दिली म्हणजे तो खरोखर काही करू शकेल, हे या लेखात सांगितले आहे. फिल्टरला बगल देण्याचे उपाय येथे नाहीत.

चित्र मजकुराबरोबर जात नाही

अर्जाचे पान एकसंध दिसत असले, तरी ते पाठवले जाताना ब्राउझर बहुधा एकापेक्षा अधिक विनंत्या पाठवतो. नाव, विषय, वर्णन हा मजकूर त्या संकेतस्थळाच्या मुख्य सर्व्हरकडे जातो. चित्र मात्र अनेकदा आपण ते निवडताक्षणीच, ‘पाठवा’ दाबण्याच्या आधीच, पार्श्वभूमीवर स्वतंत्र विनंतीने निघते आणि पुष्कळदा ते निराळ्याच पत्त्यावर, म्हणजे फाइली साठवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर जाते. मुख्य पत्ता `forms.example.com` असेल, तर चित्रांचा पत्ता `uploads.example.net` असू शकतो. वापरणाऱ्याला हा दुसरा पत्ता कधीच दिसत नाही.

फिल्टर मात्र हे दोन पत्ते वेगवेगळे पाहतो. संकेतस्थळांची वर्गवारी करणाऱ्या याद्यांमध्ये पहिला पत्ता ‘व्यवसाय’ किंवा ‘शिक्षण’ या वर्गात असतो आणि दुसरा ‘फाइल साठवण व देवाणघेवाण’ या वर्गात. दुसरा वर्ग अनेक संस्थांमध्ये मुद्दाम बंद ठेवलेला असतो, कारण संस्थेची कागदपत्रे बाहेर जाण्याचा तोच सर्वांत सोपा मार्ग असतो. परिणामी मजकूर सुखरूप पोहोचतो आणि चित्र वाटेत अडते, यात कोणाचाही विशेष हेतू नसतो.

इशारा का मिळत नाही

फिल्टर खरे तर इशारा देतो. एखादे बंद संकेतस्थळ उघडायला गेल्यावर ‘हे पान संस्थेच्या धोरणानुसार अडवले आहे’ असे सांगणारे पान आपण सर्वांनी पाहिलेले असते. चित्राची विनंती अडवतानाही फिल्टर बहुतेक वेळा तेच पान परत पाठवतो. पण ती विनंती आपण पत्ता टाकून केलेली नसते, तर पानातल्या स्क्रिप्टने, म्हणजे पानाबरोबर येणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, केलेली असते. म्हणून अडवणुकीचे पान आपल्यासमोर न उघडता त्या स्क्रिप्टच्या हाती पडते, आणि स्क्रिप्टला त्याचे काय करायचे हे ठाऊक नसते. नीट लिहिलेला अर्ज अशा वेळी ‘अपलोड अयशस्वी’ असे म्हणतो; घाईत लिहिलेला अर्ज काहीच म्हणत नाही आणि चित्राविना नोंद पुढे सरकवतो. या बेफिकिरीचा निम्मा दोष अर्ज लिहिणाऱ्याचा आहे, असे माझे मत आहे.

याहून फसवी गोष्ट पुढे आहे. एका पत्त्यावरच्या पानातील स्क्रिप्टला दुसऱ्या पत्त्याचे उत्तर वाचायचे असेल, तर त्या उत्तरासोबत परवानगी देणारे एक शीर्षक असावे लागते. मूळ सर्व्हर ते देतो. फिल्टरच्या अडवणुकीच्या पानावर ते नसते. त्यामुळे ब्राउझर स्क्रिप्टला ते पान वाचूही देत नाही आणि स्वतःच्या नोंदवहीत ‘CORS’ची चूक लिहून ठेवतो. ती नोंद पाहून जाणकार माणसेसुद्धा ‘संकेतस्थळच चुकीचे बांधले आहे’ असा निष्कर्ष काढतात आणि संकेतस्थळवाल्यांकडे तक्रार करतात. ते लोक स्वतःच्या नेटवर्कवरून तपासतात, सर्व ठीक दिसते, आणि प्रकरण तेथेच थांबते.

पहिली पायरी: चित्र केव्हा नाहीसे होते ते पाहा

फाइल निवडण्याची खिडकीच उघडली नाही, किंवा खिडकीऐवजी एखादा छोटा संदेश येऊन गेला, तर नेटवर्कचा विचार सोडून द्यावा. संस्थेने दिलेल्या संगणकावरील क्रोममध्ये `AllowFileSelectionDialogs` हे धोरण बंद केलेले असले, तर आपण ‘रद्द करा’ दाबले असे समजून ब्राउझर पुढे जातो. पत्त्याच्या जागी `chrome://policy` लिहून ही यादी कोणालाही पाहता येते.

फाइल निवडली गेली, प्रगतीची पट्टी सरकली आणि मग चित्राचे लहान रूप दिसलेच नाही, तर अडथळा वाटेत आहे. येथे प्रगतीच्या पट्टीवर फार विसंबू नये. मध्ये प्रॉक्सी, म्हणजे आपली माहिती तपासून पुढे पाठवणारा संस्थेचा मधला सर्व्हर, असेल, तर ती पट्टी आपल्या संगणकातून प्रॉक्सीपर्यंत किती भाग गेला एवढेच सांगते. प्रॉक्सी संपूर्ण फाइल आधी स्वतःकडे घेतो, तपासणीला देतो आणि नंतरच पुढे पाठवायची की नाही ते ठरवतो. म्हणून पट्टी झपाट्याने शंभर टक्क्यांवर जाऊन तेथेच बराच वेळ थांबून राहत असेल, तर वाटेत तपासणी चालू असण्याची शक्यता बरीच आहे.

तिसरी शक्यता अशी की आपल्याला चित्र दिसते, पण समोरच्याला दिसत नाही. अनेक पाने निवडलेल्या फाइलचे लहान रूप आपल्याच संगणकातून वाचून दाखवतात, त्यामुळे ते दिसले म्हणजे चित्र पोहोचले असे होत नाही. खात्री करायची असेल तर नोंद पाठवल्यानंतर पान पूर्ण बंद करावे, नोंद पुन्हा उघडावी आणि शक्य असल्यास ती दुसऱ्या उपकरणावर पाहावी.

दुसरी पायरी: ब्राउझरची नोंदवही उघडा

या कामासाठी कोणतेही वेगळे साधन लागत नाही. क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये अर्जाचे पान उघडून `F12` दाबावे, किंवा `Ctrl+Shift+I` दाबावे. उघडलेल्या भागात `Network` हा विभाग निवडावा आणि क्रोम वा एजमध्ये `Preserve log` या चौकटीत खूण करावी, म्हणजे पान बदलले तरी आधीच्या नोंदी पुसल्या जाणार नाहीत. त्यानंतर एकच चित्र निवडावे. एका वेळी चार चित्रे निवडली तर कोणती ओळ कोणत्या चित्राची हे शोधण्यात वेळ जातो. काही संस्थांमध्ये हा भाग धोरणाने बंद केलेला असतो. तसे असल्यास ही पायरी आयटी विभागासमोर बसून करावी लागेल.

चित्र निवडताच ओळींची भर पडू लागते. त्यांतील ज्या ओळीची पद्धत `POST` किंवा `PUT` आहे आणि जी चित्र निवडल्यावरच उमटली आहे, ती आपली ओळ. यादीच्या सर्वांत वरच्या, रकान्यांची नावे असलेल्या पट्टीवर उजवे बटण दाबून `Domain` आणि `Method` हे रकाने दाखवायला सांगितले, की कोणती विनंती कोणत्या पत्त्यावर गेली हे लगेच कळते. हा पत्ता लिहून ठेवावा, कारण पुढचे सर्व काम त्यावर अवलंबून आहे.

आता त्या ओळीची स्थिती वाचायची. `403` म्हणजे कोणीतरी नकार दिला आहे, पण तो फिल्टरने दिला की मूळ सर्व्हरने हे उत्तराचा मजकूर पाहूनच ठरते. `413` म्हणजे फाइल ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी आहे. `407` म्हणजे प्रॉक्सीला आपली ओळख हवी आहे आणि ती मिळालेली नाही. `net::ERR_CONNECTION_RESET` म्हणजे उत्तर न देताच जोडणी तोडली गेली. `net::ERR_BLOCKED_BY_CLIENT` दिसले तर मात्र नेटवर्कला दोष देऊ नये, कारण ही अडवणूक सहसा ब्राउझरमध्येच बसवलेल्या एखाद्या विस्ताराने केलेली असते आणि जाहिराती रोखणारे विस्तार असे हमखास करतात. त्याचप्रमाणे `net::ERR_BLOCKED_BY_ADMINISTRATOR` हे संगणकावरील धोरणाचे लक्षण आहे.

सर्वांत अवघड स्थिती `200` ही आहे, कारण तिचा अर्थ ‘सर्व ठीक’ असा होतो. काही फिल्टर अडवणुकीचे पानसुद्धा `200` या स्थितीने पाठवतात. म्हणून हिरवी खूण पाहून थांबू नये. ओळीवर टिचकी मारून `Response` हा भाग उघडावा. अर्जाच्या स्क्रिप्टला सहसा थोडक्या अक्षरांचे, कंसांत मांडलेले उत्तर अपेक्षित असते. त्याऐवजी तेथे `<html>` ने सुरू होणारे लांबलचक पान असेल आणि त्यात धोरण, वर्ग किंवा संस्थेचे नाव दिसत असेल, तर चोर सापडला.

तिसरी पायरी: तोच पत्ता स्वतः उघडून पाहा

लिहून ठेवलेला चित्रांचा पत्ता नव्या टॅबमध्ये हाताने टाकावा. अडवणुकीचे पान स्क्रिप्टच्या हाती पडून नाहीसे होत होते. आता विनंती आपणच केल्यामुळे ते आपल्यासमोर उघडेल. त्यावर बहुधा वर्गाचे नाव, वेळ आणि एखादा घटना क्रमांक असतो. त्याचे छायाचित्र काढून ठेवावे.

या परीक्षेला एक मर्यादा आहे. काही फिल्टर एखादा पत्ता पाहण्यासाठी मोकळा ठेवतात आणि त्यावर फाइल चढवणे एवढेच अडवतात. अशा वेळी पत्ता व्यवस्थित उघडेल, किंवा मूळ सर्व्हरचा एखादा रूक्ष नकार दिसेल, आणि तरीही अपलोड अडलेलाच राहील. म्हणजे अडवणुकीचे पान दिसले तर फिल्टरचा हात सिद्ध होतो. न दिसले तर काहीच सिद्ध होत नाही.

चौथी पायरी: फिल्टरला आतले दिसते का, ते तपासा

`https` ने जाणारी माहिती कुलूपबंद असते. फिल्टरने ते कुलूप उघडलेले नसेल, तर त्याला पत्त्याचे नाव आणि किती माहिती गेली एवढेच कळते. आत चित्र आहे की मजकूर हे कळत नाही. म्हणूनच एकाच पत्त्यावर मजकूर जात असेल आणि फक्त चित्रे अडत असतील, किंवा `PNG` जाऊन `JPEG` अडत असेल, आणि मूळ संकेतस्थळ तसा भेद करत नसेल, तर मुख्यतः दोन शक्यता उरतात: एक तर फिल्टर वाटेत कुलूप उघडून तपासत आहे, नाहीतर तपासणी करणारा प्रोग्रॅम आपल्या संगणकावरच बसवलेला आहे.

पहिली शक्यता तपासणे सोपे आहे. पत्त्याशेजारच्या खुणेवर टिचकी मारून प्रमाणपत्राचा तपशील उघडावा आणि ते कोणी दिले आहे ते वाचावे. तेथे एखाद्या सार्वजनिक प्रमाणपत्र संस्थेऐवजी आपल्याच संस्थेचे किंवा सुरक्षा उपकरणाचे नाव असेल, तर वाटेत कुलूप उघडले जात आहे. त्यात लपवाछपवी काही नाही. अनेक संस्थांच्या नियमावलीत याचा उल्लेख असतो. मात्र वैयक्तिक छायाचित्रे त्या नेटवर्कवरून पाठवताना हे लक्षात असावे.

दुसरी शक्यता तपासण्यासाठी लोक संस्थेचा लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडतात. तांत्रिकदृष्ट्या ही कसोटी चांगली आहे, कारण नेटवर्क बदलूनही अडवणूक कायम राहिली तर तिचे मूळ संगणकावर असण्याची शक्यता बळावते. पण अनेक ठिकाणी संस्थेचे उपकरण बाहेरच्या जोडणीवर नेणे हाच नियमभंग ठरतो, म्हणून आधी विचारावे. त्यापेक्षा स्वतःच्या फोनवरून, फोनच्याच जोडणीवर, कसलाही गोपनीय तपशील नसलेले एखादे चित्र त्याच अर्जातून पाठवून पाहणे पुरेसे असते. ते पोहोचले, तर अर्ज आणि सर्व्हर निर्दोष आहेत एवढे नक्की होते.

एक उदाहरण सविस्तर

समजा, एका कर्मचाऱ्याला यंत्रदुरुस्तीच्या अर्जासोबत दोन फाइली पाठवायच्या आहेत: फोनने काढलेले ४.१ एमबीचे `JPEG` छायाचित्र आणि पडद्याचे १८० केबीचे `PNG` चित्र. नोंद होते, पण दोन्ही चित्रे गायब. फोनच्या जोडणीवरून तोच अर्ज व्यवस्थित जातो. तो नोंदवही उघडतो तेव्हा `forms.example.com` कडे गेलेला मजकूर `200` दाखवतो, तर `uploads.example.net` कडे निघालेली विनंती लाल दिसते आणि शेजारच्या `Console` भागात ‘CORS’ची तक्रार असते. तो पत्ता नव्या टॅबमध्ये उघडल्यावर अडवणुकीचे पान येते: वर्ग, ‘फाइल साठवण’. येथपर्यंत प्रकरण सरळ आहे. तो आयटी विभागाला कळवतो आणि विभाग त्या एका पत्त्याला मुभा देतो.

दुसऱ्या दिवशी `PNG` जाते, `JPEG` मात्र अजूनही जात नाही. येथे बरेच जण ‘काहीच बदलले नाही’ असे कळवतात आणि आयटी विभाग ‘आम्ही तर पत्ता खुला केला’ असे उत्तर देतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. नोंदवहीत आता वेगळी ओळ दिसते:

```
PUT https://uploads.example.net/f/a1 net::ERR_FAILED 413
```

‘CORS’ची तक्रार पुन्हा आहेच, पण तिच्याबरोबरचा `413` हा आकडा खरी गोष्ट सांगतो. अडचण आता पत्त्याची नसून आकाराची आहे. तरीही हा नकार मूळ सर्व्हरचा की प्रॉक्सीचा, हा प्रश्न उरतो. फोनवरून तेच ४.१ एमबीचे छायाचित्र गेले होते, म्हणजे सर्व्हरला तो आकार चालतो. त्या ओळीच्या `Headers` भागात उत्तराची शीर्षके दिसली आणि त्यांत `X-Squid-Error: ERR_TOO_BIG` असे काही आढळले, तर शंकाच उरत नाही: स्क्विड या प्रचलित प्रॉक्सीत `request_body_max_size` नावाची मर्यादा असते आणि तीच येथे ओलांडली गेली आहे.

कारण प्रकार नसून आकारच आहे, याची खात्री करण्यासाठी तो तेच छायाचित्र चित्रे हाताळणाऱ्या साध्या प्रोग्रॅममध्ये उघडतो, लांबी-रुंदी निम्मी करतो आणि `JPEG` म्हणूनच जतन करतो. फाइल सुमारे १ एमबीची होते आणि जाते. प्रकार तोच, पत्ता तोच, फक्त आकार बदलला. एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा आग्रह येथे महत्त्वाचा आहे, कारण आकार आणि प्रकार दोन्ही एकदम बदलले असते तर यशाचे कारण कळले नसते.

फाइलच्या नावाचा शेवट बदलून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. तपासणी करणारे फिल्टर नावावर विश्वास न ठेवता फाइलचे पहिले काही बाइट वाचतात. `JPEG` ची सुरुवात `FF D8 FF` अशी आणि `PNG` ची `89 50 4E 47` अशी असते. नाव एक आणि आतला प्रकार दुसरा असे आढळले, तर ते काही फिल्टरांच्या दृष्टीने लपवण्याचा प्रयत्न ठरते. परवलीचा शब्द लावलेली झिप फाइलही याच कारणाने अधिक संशयास्पद मानली जाते. आयफोनमधील `HEIC` छायाचित्रे नुसते नाव `jpg` करून पाठवणारे लोक अजाणता याच जाळ्यात सापडतात. त्यांनी फाइल खरोखर `JPEG` मध्ये रूपांतरित करून घ्यावी.

ईमेलची जोडणी गायब झाली तर

येथे ब्राउझरची नोंदवही अर्धीच मदत करते, कारण ईमेल आपल्याकडून निघून गेल्यावर वाटेतल्या तपासणी सर्व्हरवर जोडलेली फाइल काढली जाऊ शकते, तीही आपल्या बाजूला किंवा घेणाऱ्याच्या बाजूला. ‘पाठवलेले’ या कप्प्यातल्या आपल्या प्रतीत फाइल दिसत राहते, म्हणून ती प्रत पुरावा मानू नये. आकाराचा हिशेबही वेगळा असतो: ईमेलमध्ये फाइल अक्षरांच्या रूपात गुंडाळली जाते आणि त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून २० एमबीची फाइल २५ एमबीच्या मर्यादेत बसत नाही. सर्वांत उपयोगी उपाय अगदी साधा आहे: ‘सोबत ३ फाइली जोडल्या आहेत’ असे मजकुरातच नावांसह लिहावे. मग एखादी गळाली तर ते घेणाऱ्याला पहिल्या वाचनातच कळते. ऑनलाइन अर्जाच्या वर्णनातही हेच वाक्य तितकेच चालते.

आयटी विभागाला काय लिहावे

‘फोटो जात नाही’ एवढ्या वाक्यावर कोणालाही काही करता येत नाही. फिल्टरच्या नोंदींमध्ये शोध घेण्यासाठी त्यांना अचूक वेळ, आपल्या संगणकाची ओळख आणि पत्ता हवा असतो. वरच्या उदाहरणातला दुसरा मजकूर असा असावा:

“नमस्कार. आज सकाळी ११:४२ वाजता माझ्या `PC-07` या कार्यालयीन संगणकावरून दुरुस्तीच्या अर्जात छायाचित्र जोडताना `uploads.example.net` या पत्त्यावरील `PUT` विनंतीला `413` असे उत्तर आले. फाइल `JPEG`, ४.१ एमबी. त्याच प्रकारची १ एमबीची फाइल ११:५० वाजता गेली. फोनच्या जोडणीवरून मोठी फाइलही जाते. उत्तराच्या शीर्षकात `ERR_TOO_BIG` आहे. नोंदवहीच्या पडद्याचे चित्र सोबत जोडले आहे. या पत्त्यासाठी अपलोडची मर्यादा वाढवता येईल का, किंवा माझ्यासाठी पर्यायी मार्ग कोणता, हे कृपया कळवावे.”

संपूर्ण वर्ग खुला करण्याची मागणी करू नये. ती बहुधा नाकारली जाते आणि नाकारली जाणे योग्यही असते. एक पत्ता, एक कृती, एक कारण एवढीच विनंती मंजूर होण्याची शक्यता जास्त असते. नोंदवहीची संपूर्ण `HAR` फाइल मागितली गेली, तर ती फक्त आयटी विभागालाच द्यावी आणि आधी त्या संकेतस्थळातून बाहेर पडावे, कारण अशा फाइलमध्ये लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकी असू शकतात.

मुभा मिळाल्याचे उत्तर आल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा आणि परीक्षा लहान चित्राने न करता आपल्याला नेहमी पाठवाव्या लागणाऱ्या सर्वांत मोठ्या चित्राने करावी. नोंद दुसऱ्या उपकरणावर उघडून त्यात ते चित्र पूर्ण आकारात दिसले, की मग विभागाला तसे कळवून तक्रार बंद करायला सांगावे.